पॅकची किंमत पाहू नकोस, दिवसाचा दर काढ

चि. सोनूस,


तू पाठवलेले तिन्ही फोटो मिळाले. प्रत्येकावर वेगळा पॅक, वेगळी किंमत आणि खाली तुझा एकच प्रश्न : "मामा, यातला कुठला मारू?" दुकानात बसून हा प्रश्न मी रोज ऐकतो. गिऱ्हाईक घाईत असतं, म्हणून मी दोन-तीन गोष्टी विचारून पॅक सांगतो आणि मोकळा होतो. तुला मात्र नुसतं उत्तर द्यायचं नाही. यापुढे तुझा, दाजींचा आणि आजीचा असे तीन नंबर तूच सांभाळणार आहेस, म्हणून हिशोबाची रीतच सांगतो. कंपन्या दर बदलतात, पॅक काढून घेतात, नव्या नावाने परत आणतात. रीत मात्र तीच राहते.

पहिली गोष्ट, अॅपवर मोठ्या अक्षरात छापलेल्या किमती एकमेकींशी ताडून बघूच नयेत. २९९ आणि ७९९ या दोन आकड्यांमधलं कुठलं लहान हे विचारण्यात अर्थ नाही, कारण पहिला २८ दिवसांचा आहे आणि दुसरा ८४ दिवसांचा. किंमत भागिले दिवस. एवढं केलं की सगळे पॅक एका मापात येतात. मोबाईलमध्ये शीट उघड. पहिल्या रकान्यात पॅकचं वर्णन, दुसऱ्यात मुदत दिवसांत, तिसऱ्यात किंमत, चौथ्यात डेटा आणि पाचव्यात हे सूत्र :

```
=ROUND(C2/B2,2)
```

सूत्र खाली ओढलंस की प्रत्येक पॅकचा दिवसाचा दर समोर येईल. सहावा रकाना तारखेचा ठेव. दर कुठल्या दिवशी पाहिला हे लिहिलं नाही, तर चार महिन्यांनी तो तक्ता तुलाच फसवेल.

नमुना म्हणून मी जिओचे जुलै २०२४ च्या दरवाढीतले काही पॅक घेतो. ते दर मला पाठ आहेत, कारण ३ जुलैपासून नवे दर लागू होणार म्हटल्यावर आधीचे काही दिवस दुकानासमोर रांग होती. आज यातले काही पॅक बंद असतील, काही महागले असतील. तू आजचे आकडे घाल, माझे फक्त गणित समजायला वापर.

| पॅक | मुदत | किंमत (रु.) | दिवसाला (रु.) |
|---|---|---|---|
| रोज १.५ जीबी | २८ दिवस | २९९ | १०.६८ |
| रोज १.५ जीबी | एक कॅलेंडर महिना | ३१९ | १०.४९ |
| रोज १.५ जीबी | ८४ दिवस | ७९९ | ९.५१ |
| रोज २ जीबी | ८४ दिवस | ८५९ | १०.२३ |
| रोज २.५ जीबी | ३६५ दिवस | ३५९९ | ९.८६ |
| एकूण ६ जीबी | ८४ दिवस | ४७९ | ५.७० |

आधी वरच्या दोन ओळी बघ. डेटा सारखाच, पण एकाची किंमत २९९ आणि दुसऱ्याची ३१९. दुकानात दहातले नऊ जण २९९ मागतात. पण २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. वर्षभर चालवायचा तर तो तेरा वेळा मारावा लागतो : २९९ गुणिले १३ म्हणजे ३८८७ रुपये, आणि तेही ३६४ दिवसांचे. कॅलेंडर महिन्याचा पॅक बारा वेळाच लागतो, ३१९ गुणिले १२ म्हणजे ३८२८. वीस रुपयांनी महाग दिसणारा पॅक वर्षाकाठी ५९ रुपयांनी स्वस्त पडतो. तेराव्या रिचार्जबद्दल लोकांनी बरीच ओरड केली होती. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. असे पॅक यादीत खाली कुठेतरी असतात, शोधावे लागतात. त्यांचा दर एकाच महिन्यावर काढू नकोस. फेब्रुवारीत हाच पॅक दिवसाला ११.३९ ला पडतो आणि मार्चमध्ये १०.२९ ला. बारा पॅकची किंमत ३६५ ने भागायची, मी तेच केलं आहे.

आता पाचवी ओळ. "वर्षाचा मारला की स्वस्त पडतो" असं तुला हॉस्टेलवर कोणीतरी सांगितलंय, असं तू लिहिलंस. तक्ता बघ. वर्षाचा पॅक दिवसाला ९.८६, ८४ दिवसांचा ९.५१. वर्षाचा महाग का? त्यात रोज २.५ जीबी आहे म्हणून. ज्याला तेवढा डेटा खरंच लागतो त्याला तो स्वस्तच आहे. तुला लागत नसेल, तर वर्षभराचे पैसे आगाऊ भरून तू रोज ३५ पैसे जास्त देशील. शिवाय मध्येच खोली बदललीस आणि तिथे नेटवर्क आलं नाही, तर नंबर पोर्ट करताना उरलेली मुदत बुडते, तिचे पैसे परत मिळत नाहीत. लांबच्या पॅकचा एक फायदा मात्र खरा आहे : मुदतीत दर वाढले तरी तुझा पॅक जुन्याच दराने चालतो. जुलै २०२४ च्या आधी ज्यांनी मोठे पॅक मारून ठेवले, त्यांना पुढे कित्येक महिने वाढीची झळ लागली नाही.

इथवरचं गणित कोणीही करेल. चूक होते ती यापुढे, डेटा मोजताना.

किंमत भागिले दिवस हे माप झालं, तसं किंमत भागिले जीबी असंही माप काढता येतं, आणि पुष्कळ जण तेच काढून खूश होतात. २९९ च्या पॅकमध्ये २८ दिवसांचे मिळून ४२ जीबी, म्हणजे जीबीला ७ रुपये १२ पैसे. वर्षाच्या पॅकमध्ये नऊशेहून थोडे जास्त म्हणजे ९१२ जीबी, म्हणून जीबीला ४ रुपयांच्या आत. या मापाने नेहमी सर्वांत मोठा पॅकच जिंकतो. पण रोजचा डेटा रोज रात्री बारा वाजता संपतो. आज १.५ पैकी ३०० एमबी वापरलेस, तर उरलेले उद्याच्या खात्यात जात नाहीत. काही कंपन्या काही पॅकवर आठवड्याचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देतात, ती सवलत असेल तर तशी नोंद कर. नसेल, तर न वापरलेला जीबी भागाकारात धरायचाच नाही. हॉस्टेलच्या वायफायवर दिवस काढणाऱ्या मुलीला ४२ जीबीचा भाव सांगणं म्हणजे एकट्या माणसाला लग्नाच्या पंगतीचा शिधा किलोच्या भावाने स्वस्त म्हणून गळ्यात मारणं.

म्हणून डेटाला भागाकारात आणू नकोस. डेटा ही चाळणी आहे. आधी तुला किती लागतो ते ठरव, त्याहून कमी देणारे पॅक तक्त्यातून खोडून टाक, आणि उरलेल्यांत दिवसाचा दर सर्वांत कमी कोणाचा ते बघ.

किती लागतो हे अंदाजाने ठरवायचं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचं पान असतं. तिथे मोबाईल डेटा आणि वायफाय वेगळे दाखवतात, त्यातला फक्त मोबाईल डेटा घे. पानावर महिन्याची सुरुवात कुठल्या तारखेपासून मोजायची तेही बदलता येतं, ती तुझ्या रिचार्जच्या तारखेला लाव. दुसरी खूण याहून सोपी आहे. रोजचा निम्मा डेटा संपला की कंपनीचा मेसेज येतो, पूर्ण संपला की दुसरा येतो. मागच्या महिन्याचे मेसेज वर सरकवून बघ. पूर्ण संपल्याचा मेसेज बहुतेक दिवशी संध्याकाळीच येत असेल, तर पॅक तोकडा आहे. निम्म्याचाही मेसेज क्वचितच येत असेल, तर तू दुप्पट घेते आहेस. माझ्याकडे कोणी "नेट स्लो आहे" अशी तक्रार घेऊन आलं, की मी आधी हे मेसेज बघतो. पुष्कळदा नेटवर्कचा काही दोष नसतो, दिवसाचा कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आलेला असतो. त्या वेगात व्हॉट्सअॅपचा साधा मजकूर जातो, पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं आणि व्हिडिओ तर उघडतच नाही.

आता तुझाच नंबर घेऊ. तू पाठवलेल्या पानावर २८ दिवसांत ७ जीबी मोबाईल डेटा दिसतो. ८४ दिवसांत ते २१ जीबी होतील. आज तू रोज १.५ जीबीचा पॅक वापरतेस, म्हणजे ८४ दिवसांत तुला १२६ जीबी मिळतात. त्यातले शंभरावर तू कधी पाहतही नाहीस.

तक्त्यातली शेवटची ओळ बघ. ४७९ मध्ये कॉल अमर्याद, पण डेटा संपूर्ण मुदतीला मिळून फक्त ६ जीबी. एवढ्यात तुझं भागणार नाही, म्हणून ४७९ ची तुलना थेट ७९९ शी करता येत नाही. कमी पडणाऱ्या १५ जीबीची सोय करावी लागेल. त्याच यादीत ६ जीबीचा बूस्टर ६९ रुपयांना होता. असे तीन घेतलेस तर १८ जीबी, मूळचे ६ धरून २४. खर्च ४७९ अधिक २०७, म्हणजे ६८६ रुपये. ८४ ने भाग, दिवसाला ८.१७. ७९९ च्या पॅकचा दर ९.५१ होता. ८४ दिवसांत तुझे ११३ रुपये वाचले.

हे कुठवर परवडतं तेही काढून ठेव. चार बूस्टर घेतले तर ७५५ रुपयांत ३० जीबी होतात, अजून ७९९ च्या आतच आहे. पाचवा घेतला की ८२४, म्हणजे गणित उलटलं. तेव्हा ८४ दिवसांत ३० जीबी, दिवसाला साधारण ३५० एमबी, ही तुझी सीमारेषा. वापर तिच्या खाली असेल तर एकूण डेटाचा पॅक, वर गेला की रोजच्या डेटाचा. प्रत्येक घराची, प्रत्येक कंपनीची ही रेषा वेगळी असते, पण ती काढायची रीत हीच.

एकूण डेटाच्या पॅकचा आणखी एक गुण सरासरीत दिसत नाही. समज, आठवडाभर तू वायफायवर आहेस आणि रविवारी ट्रेकला गेलीस, रस्त्यात नकाशा, फोटो, व्हिडिओ कॉल मिळून २ जीबी गेले. आठवड्याची सरासरी ३०० एमबीच्या आसपास येईल, पण रोज १.५ चा पॅक त्या रविवारी संध्याकाळी आडवा येतो आणि सोमवारी पुन्हा तसाच पडून राहतो. एकूण डेटात ती अडचण नाही.

दोन गोष्टी मात्र आधी तपास. पहिली, बूस्टरची मुदत. मी वर धरलं आहे की बूस्टर मूळ पॅक संपेपर्यंत चालतो. तसं नेहमी नसतं. काही बूस्टर एका दिवसाचे, काही आठवड्याचे असतात. सात दिवसांच्या मुदतीचा बूस्टर असेल तर तुझे ६ जीबी सात दिवसांत संपायचे नाहीत, उरलेले वाया जातील, आणि वरचं सगळं गणित मोडेल. मुदत बारीक अक्षरात लिहिलेली असते, पैसे भरायच्या आधी ते पान पूर्ण उघड. दुसरी, सुट्टी. दिवाळीत तू गावी येशील, इथे घरी वायफाय नाही, आणि तुझा वापर रोज एक जीबीवर जाईल. वीस दिवसांत वीस जीबी. त्या ८४ दिवसांत सुट्टी येत असेल तर सरळ रोजच्या डेटाचा पॅक मार.

तुझ्या फोनवर ५जी आहे, म्हणून चौथ्या ओळीबद्दलही सांगतो. जुलै २०२४ पासून जिओचं अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच ठेवलं गेलं. म्हणजे ७९९ ऐवजी ८५९ घेणारा माणूस दिवसाला साधारण ७१ पैसे जास्त देतो आणि ५जी मिळेल तिथे डेटा मोजायचं सोडून देतो. ज्याचा फोन ५जीचा आहे, घरात ५जीची रेंज येते आणि वायफाय नाही, त्याच्यासाठी हे पैसे सत्कारणी लागले. तुझ्या खोलीत वायफाय आहे, म्हणून तुला त्यांची गरज नाही. दाजींचा फोन ४जी आहे, त्यामुळे त्यांनाही नाही. दुकानदार "५जी अनलिमिटेड आहे" म्हणून आग्रह करतील, तेव्हा फोन कोणता आहे हे तूच आधी बघ.

पॅकसोबत सिनेमा-मालिकांच्या अॅपची वर्गणी मिळते, तिचंही असंच. ती वर्गणी तू एरवी पैसे देऊन घेतलीच असतीस, तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मग भाग. नसतीस घेतली, तर तिची किंमत शून्य धर.

आता आजी. तिचा फोन बटणांचा, नेट ती वापरत नाही, तिला फक्त तुझा आणि मावशीचा फोन यायला हवा. अशा माणसांना कित्येक वर्षं डेटाचे पैसे भरूनच रिचार्ज करावा लागत होता आणि मला ते मनापासून खटकायचं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला आणि फक्त कॉल व एसएमएसचा पॅक ठेवणं कंपन्यांना भाग पाडलं. जानेवारी २०२५ मध्ये ते पॅक आले. जिओचा लांबचा पॅक १७४८ रुपयांना, एअरटेलचा १८४९ रुपयांना. बघताना १७४८ स्वस्त, शंभर रुपयांचा फरक. पण मुदत बघ : पहिल्याची ३३६ दिवस, दुसऱ्याची ३६५. भागून पाहा. पहिला दिवसाला ५.२०, दुसरा ५.०७. ३३६ हा आकडा २८ च्या बारा पटीतून येतो, त्यात वर्षाचे २९ दिवस कमी पडतात आणि लोकांना तो वर्षाचाच वाटतो.

आणि आजीच्या बाबतीत तक्त्याच्याही आधी एक प्रश्न येतो. जिओचं जाळं ४जी आणि ५जीवरच चालतं, साध्या २जी बटणफोनमध्ये ते सिम चालत नाही. दिवसाचा दर कितीही कमी असला तरी फोनच लागणार नसेल तर ती ओळ खोडायची. चार पैसे वाचवण्याच्या नादात आजीला नवा फोन शिकवत बसू नकोस, तिला तिची बटणं हाताला बरोबर माहीत आहेत.

शेवटी, पडताळा. पॅकचा छापलेला दर एक आणि तुझ्या खिशातून जाणारा दर दुसरा. ज्या अॅपवरून रिचार्ज करतेस तिथे जुने व्यवहार दिसतात. मागच्या सहा महिन्यांत त्या नंबरावर गेलेले सगळे पैसे मांड : पॅक, मध्येच मारलेले बूस्टर, आणि काही अॅप प्रत्येक रिचार्जवर लावतात ते एक-दोन-तीन रुपयांचं शुल्क. कंपनीच्या स्वतःच्या अॅपवरून मारलंस तर बहुधा ते शुल्क लागत नाही. ही बेरीज तेवढ्या काळाच्या दिवसांनी भाग. छापलेला दर साडेनऊ आणि खरा दर बारा आला, तर वरचे अडीच रुपये बूस्टरमध्ये गेले असं समज, म्हणजे पॅकच चुकीचा निवडलाय. मुदत कधी संपते तेही स्वतः बोटांवर मोजू नकोस, काही पॅकमध्ये रिचार्जचा दिवसही धरतात. रिचार्ज झाल्यावर आलेल्या मेसेजमधली तारीखच तक्त्यात लिही. आधीचा पॅक चालू असताना नवा मारलास तर तो लगेच सुरू झाला की रांगेत थांबला, हेही अॅपमध्ये बघून घे. लगेच सुरू झाला असेल तर जुन्या पॅकचे उरलेले दिवस गेले.

दाजींच्या नंबराचा तक्ता तू कर. त्यांचं रात्रीचं यूट्यूब आणि बाजारभावाचे व्हिडिओ मिळून मोबाईल डेटा किती जातो, ते त्यांच्या फोनवरून बघून घे. निम्मा डेटा संपल्याचा मेसेज किती वाजता येतो तेही टिपून ठेव. त्यांच्या पॅकची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे, त्याआधी शीट मला पाठव. एकदा नजर टाकून कळवतो, मग तूच तिथून रिचार्ज मार.

तुझा,
मामा